मीटिंगमध्ये ‘हो’, कामात ‘बघू’: गप्प विरोध करणाऱ्या विभागाचा स्टेकहोल्डर नकाशा

उघड विरोध करणारा विभाग प्रकल्पाला तितकासा जड जात नाही. तो मीटिंगमध्ये भांडतो, मेल टाकतो, मोठ्या साहेबांकडे जातो. त्याचं म्हणणं काय ते निदान कळतं, आणि मग काहीतरी ठरतं. खरा घोळ होतो तो प्रत्येक मीटिंगला वेळेवर येणाऱ्या, मिनिट्सवर सही करणाऱ्या, ‘आमची काही हरकत नाही’ असं सांगणाऱ्या विभागामुळे. तीन महिने उलटतात आणि त्याच्याकडचं काम होतं तिथेच असतं. प्रत्येक वेळी एखादं रास्त कारण असतं: ऑडिट चालू होतं, माणूस सुट्टीवर होता, लेबलचा रोल संपला होता.

अशा वेळी स्टेकहोल्डर नकाशा, म्हणजे प्रकल्पात कोणाचं काय गुंतलंय याचं चित्र, कसा काढायचा, हे एका प्रकरणावरून पाहू. प्रकरण रचलेलं आहे, पण पुण्याजवळच्या चाकण-भोसरी पट्ट्यात काम केलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. वाहनांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली, काही वर्षांपासून चालू आहे, पण स्टोअर्समध्ये ती नावालाच. माल येतो, रजिस्टरमध्ये चढतो आणि जमेल तेव्हा सिस्टीममध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, होते. नव्या प्रकल्पात तीन गोष्टी ठरल्या आहेत: जीआरएन त्याच दिवशी व्हायचं, प्रत्येक बिनला, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्याला, बारकोड लावायचा आणि स्कॅन केल्याशिवाय प्रॉडक्शन लाइनवर माल द्यायचा नाही. सगळ्या विभागांनी होकार दिला, स्टोअर्सनेही. आज चार महिने झाले, अर्ध्या बिनांवर लेबलं आहेत आणि स्कॅनर कपाटात आहेत.

नेहमीचा चौकोन इथे का फसतो

स्टेकहोल्डर म्हटलं की बहुतेक जण ताकद आणि रस यांचा चार घरांचा तक्ता काढतात. ऑब्रे मेंडेलो यांच्या नावाने तो ओळखला जातो. ज्याच्याकडे ताकद आणि रस दोन्ही जास्त त्याला जवळ ठेवा, ताकद जास्त पण रस कमी असेल त्याला खूश ठेवा, वगैरे. साधा आणि उपयोगी तक्ता आहे, पण तो भरताना आपण दोन गोष्टींवर विसंबतो. ताकद ठरवतो हुद्द्यावरून, आणि रस ठरवतो माणूस मीटिंगमध्ये किती बोलतो त्यावरून.

आपल्या कारखान्यात या हिशेबाने स्टोअर्स मॅनेजर कुठे पडतील? हुद्दा मधला, प्रॉडक्शन किंवा अकाउंट्सच्या प्रमुखापेक्षा खालचा. मीटिंगमध्ये बोलणं कमी. म्हणजे ताकद कमी, रस कमी, आणि त्या घरात लिहिलेलं असतं: ‘फक्त लक्ष ठेवा’. प्रकल्पाची टीम मग महिन्याला एक मेल टाकून लक्ष ठेवत राहते. प्रत्यक्षात कारखान्यात येणारा प्रत्येक खोका या माणसाच्या हाताखालून जातो. त्याने काही केलं नाही तरी प्रकल्प थांबतो. ‘काही न करण्याची’ ही ताकद तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. शिवाय त्याचा रस मुळीच कमी नसतो. तो फक्त बोलून दाखवलेला नसतो.

म्हणून गप्प विरोधाची शंका असेल तेव्हा हा तक्ता आधी काढू नये. सगळी माहिती हाती आल्यावर, मोठ्या साहेबांना एका पानावर चित्र दाखवायला तो ठीक आहे. सुरुवात करायची ती कामाच्या वाटेपासून.

नावांची यादी नको, मालाची वाट

एका कोऱ्या कागदावर माल जसा फिरतो तसे टप्पे मांडायचे. गाडी गेटवर येते, सिक्युरिटी गेट एंट्री करते. माल उतरतो, चलनाशी मोजणी जुळवली जाते. जीआरएन होतं. क्वालिटीवाले नमुना तपासतात, तोवर माल होल्डवर असतो. पास झाला की बिनमध्ये जातो, आणि लाइनवरून इश्यू स्लिप आली की दिला जातो. पलीकडे अकाउंट्समध्ये त्याच जीआरएनवरून बिल पास होतं.

आता प्रत्येक टप्प्याला तीन प्रश्न विचारायचे. इथे प्रत्यक्ष हात कोणाचा आहे? त्याने हे काम दोन दिवस उशिरा केलं तर कोणाला कळेल? आणि बदलानंतर याच टप्प्यावर कोणाला जास्त काम पडेल? नावं लिहिताना विभाग लिहायचा नाही, माणूस किंवा निदान पाळी लिहायची. ‘स्टोअर्स’ असं लिहिलं की नकाशा तिथेच आंधळा होतो, कारण स्टोअर्स नावाचा कोणी माणूस नसतो.

मधल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. आपल्या कारखान्यात जीआरएन दोन दिवस लांबलं तर कोणाला कळतं? प्रॉडक्शनला नाही, कारण माल तर त्यांना चलनावरूनच मिळून जातो. अकाउंट्सला कळतं, पण महिनाअखेरीला. म्हणजे या टप्प्यावर कितीही वेळ काढला तरी विचारणारं कोणी नाही. गप्प विरोध अशाच जागी वस्तीला असतो: काम अडवता येतं आणि अडवल्याचं दिसत नाही.

शब्दांपेक्षा नोंदी वाचा

कोण काय म्हणतो याला या नकाशात जवळजवळ किंमत नाही. सगळेच ‘हो’ म्हणताहेत. किंमत आहे ती नोंदींना, आणि ईआरपीमध्ये त्या आयत्या पडलेल्या असतात. मागच्या चार आठवड्यांची गेट एंट्रीची वेळ आणि जीआरएनची वेळ शेजारी शेजारी ठेवा. उदाहरणादाखल एका दिवसाच्या ओळी अशा दिसतील:

| गाडी | गेट एंट्री | जीआरएन |
|---|---|---|
| पहिली | 10:40 | 18:52 |
| दुसरी | 11:15 | 18:53 |
| तिसरी | 13:05 | 18:53 |
| चौथी | 15:30 | 18:55 |

अहवालात हे सगळं ‘त्याच दिवशी जीआरएन, 100 टक्के’ असंच जाईल. पण चार गाड्यांचा माल तीन मिनिटांत मोजून होत नाही. याचा अर्थ खरी नोंद अजून रजिस्टरमध्येच होते आणि संध्याकाळी कोणीतरी बसून ती सिस्टीममध्ये उतरवतं. सिस्टीम चालू आहे, बदल झालेला नाही.

असंच आणखी दोन ठिकाणी पाहावं. एक म्हणजे युजर आयडी: सकाळच्या आणि रात्रीच्या पाळीत एकाच आयडीने नोंदी पडत असतील तर पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे असं समजा. दुसरं, स्टॉक अ‍ॅडजस्टमेंटच्या नोंदी. त्या महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत गोळा झाल्या असतील तर वर्षभर जो आकडा दिसतो तो मोजून आलेला नसून जुळवून आणलेला असतो.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. उशीर म्हणजे विरोध असं नसतं. शेडच्या टोकाला वायफाय पोहोचत नसेल, तेलकट बिनवर कागदी लेबल टिकत नसेल, हातमोजे घालून स्कॅनरचं बटण दाबता येत नसेल, तर माणूस रजिस्टरच वापरणार. अडचण आणि विरोध वेगळे करायचा एक साधा उपाय आहे: सांगितलेली अडचण खरोखर दूर करून बघा. वायफायचा डबा बसवला, प्लास्टिकची लेबलं आणली आणि दोन आठवड्यांत जीआरएनच्या वेळा दिवसभरात पसरल्या, तर ती अडचणच होती. अडचण गेली, वेळा तशाच राहिल्या आणि नवं कारण पुढे आलं, आणि तेही सोडवल्यावर तिसरं आलं, तर मुळाशी काही वेगळं आहे. पण पहिली अडचण न सोडवताच कोणी ‘हे लोक बदलायलाच तयार नाहीत’ म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नये.

स्टोअर्सचं जातंय काय

आता नकाशाचा सगळ्यात जड भाग. विरोधामागे आळस किंवा ‘जुन्या लोकांना कॉम्प्युटर जमत नाही’ असं मानणं सोयीचं असतं, कारण त्यावर ट्रेनिंग हा स्वस्त उपाय आहे. पण स्टोअर्समधली तीच माणसं मोबाइलवर बँकेचे सगळे व्यवहार करतात. त्यांना स्कॅनर कळत नाही हे पटण्यासारखं नाही.

अमेरिकेतल्या संशोधक लिन मार्कस यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे अगदी चपखल बसतो. एका मोठ्या कंपनीत हिशेबाची नवी केंद्रीय यंत्रणा आली. मुख्यालयातल्या लेखापालांनी तिचं स्वागत केलं, पण शाखा-विभागांतले लेखापाल आपापल्या जाड खतावण्या हाताने लिहीतच राहिले. दोन्हीकडे माणसं त्याच शिक्षणाची, त्याच धंद्यातली. म्हणजे दोष माणसांच्या स्वभावात शोधून उपयोग नव्हता. फरक असा होता की आधी विभाग आपल्या व्यवहारांची गोळाबेरीज करून वर पाठवत. नव्या यंत्रणेत प्रत्येक व्यवहार थेट मुख्यालयाला दिसू लागला. माहितीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती.

आपल्या स्टोअर्समध्ये ही किल्ली कोणती ते शोधायचं. दोन सापडतात.

पहिली आहे हाताशी राखलेला माल. अनुभवी स्टोअरकीपर काही महत्त्वाच्या वस्तूंचा दोन-तीन दिवसांचा साठा ‘नसलेला’ ठेवतो. रजिस्टरमध्ये तो उशिरा चढतो किंवा कोपऱ्यातल्या रॅकमध्ये पडून असतो. पुरवठादाराची गाडी अडकली, लाइन थांबायची वेळ आली, की हा माल बाहेर येतो आणि लाइन वाचते. हे कोणीच शिकवलेलं नसतं. पण लाइन थांबली की सगळ्यात आधी फोन स्टोअर्सला येतो, आणि तो फोन टाळण्याची ही तजवीज असते. त्याच दिवशी जीआरएन झालं की हा साठा सगळ्यांना दिसतो. परचेसवाले पुढची ऑर्डर कमी करतात, आणि पुढच्या अडचणीच्या दिवशी कोपरा रिकामा असतो. बोलणी मात्र स्टोअर्सनेच खायची.

दुसरी किल्ली तुटीची आहे, आणि ती आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. बोल्ट वजनावर येतात आणि सिस्टीममध्ये नगांवर चढतात. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या वस्तूंच्या मूळ माहितीत, एका बोल्टचं वजन 14 ग्रॅम भरलेलं आहे. प्रत्यक्षात प्लेटिंगनंतर ते 14.2 ग्रॅम भरतं. 50 किलोच्या पोत्याला सिस्टीम 3571 नग धरते, पोत्यात असतात 3521. म्हणजे प्रत्येक पोत्यामागे 50 बोल्ट कागदावर जास्त. त्यात लाइनवर वाया गेलेले बोल्ट कोणी नोंदवत नाही. रजिस्टरच्या काळात हा फरक महिनाअखेरीला गपचूप जुळवला जायचा. स्कॅनिंग आलं की तो रोजच्या रोज ‘स्टोअर्समधली तूट’ म्हणून लाल अक्षरात दिसणार. आयटम मास्टर कोणी भरला हे कोणी विचारणार नाही, बोल्ट गेले कुठे हे मात्र स्टोअर्सला विचारलं जाईल.

एवढं समजल्यावर स्टोअर्सची चुप्पी वेगळी दिसू लागते. ‘आमच्याकडे लपवलेला साठा असतो आणि महिनाअखेरीला आम्ही आकडे जुळवतो, म्हणून आम्हाला हे नको’ असं कोण कुठल्या मीटिंगमध्ये बोलेल? बोलण्यासारखं कारण नाही, म्हणून बोलणं नाही. विरोध गप्प असण्याचं हे सर्रास आढळणारं कारण आहे.

हे बाहेर काढायला ‘तुमचा या प्रकल्पाला पाठिंबा आहे का?’ असा प्रश्न विचारायचा नसतो. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. एकेकट्याशी, त्याच्याच जागेवर, अर्धा तास बसायचं आणि कामाविषयी विचारायचं. ‘मोजणीत कमी भरलं की पुढे काय होतं? कोणाला बोलावतात?’ ‘सिस्टीम चालू झाल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी तुमच्या टेबलावर काय काय वेगळं असेल?’ ‘याआधी असं काही आलं होतं तेव्हा काय झालं?’ तिसरा प्रश्न विसरू नये. पूर्वीच्या एखाद्या स्टॉक मोजणीनंतर कोणाची बदली झाली असेल, तर त्या विभागाला सगळं लक्षात असतं, आणि प्रकल्पाच्या टीमला त्याचा पत्ताही नसतो. पाळी बदलताना दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहूनही बरंच कळतं: एक पाळी दुसरीला काय सांगते, कुठलं रजिस्टर हातात देते.

विभागाच्या आतला नकाशा

आता स्टोअर्स उघडून आतली माणसं वेगवेगळी मांडता येतात.

मॅनेजर साहेबांची ओढाताण दोन्हीकडून आहे. वर होकार दिलाय, खाली माणसं सांभाळायची आहेत. प्रकल्प झाला तर त्यांना श्रेय मिळणार नाही, तूट दिसली तर दोष मात्र त्यांचाच. त्यांच्यासाठी सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे प्रकल्प हळूहळू चालत राहणं.

पण स्टोअर्समध्ये शब्द चालतो तो मुख्य स्टोअरकीपरचा. वीस वर्षं तिथेच आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. कोणती वस्तू कुठे आहे हे सिस्टीमपेक्षा काकांना विचारणं सोपं पडतं, आणि तीच त्यांची पत आहे. बारकोड लागला की कालचा पोरगाही माल शोधून आणणार. संघटनेच्या तक्त्यात काका खालच्या ओळीत असतात. आपल्या नकाशात ते मधोमध येतात. अशा माणसाला शोधायचं असेल तर पाच जणांना एकच प्रश्न विचारा: ‘माल सापडत नसेल तर तुम्ही पहिला फोन कोणाला करता?’ तीन-चार जणांकडून एकच नाव येईल.

डेटा एन्ट्री करणारे दोघं कंत्राटी आहेत. स्कॅनिंग आल्यावर त्यांचं काम उरतं का, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही आणि विचारायची त्यांची हिंमत नाही. रजिस्टर जिवंत राहण्यात त्यांची भाकरी आहे. उलट रात्रपाळीचा तरुण स्टोअरकीपर मनातून प्रकल्पाच्या बाजूने असतो, कारण सकाळी ‘रात्री माल कुठे गेला’ याची उत्तरं त्याला द्यावी लागतात आणि स्कॅनची नोंद असेल तर तो सुटतो. पण काकांसमोर तो हे बोलणार नाही. त्याला सगळ्यांसमोर ‘प्रकल्पाचा दूत’ वगैरे करण्याचा मोह होतो, तो आवरावा. दुसऱ्या दिवशीपासून तो स्टोअर्समध्ये एकटा पडतो, आणि तुमच्या बाजूचा एकमेव माणूस जातो.

विरोधाला बाहेरून आधार कोणाचा

एखादा विभाग चार महिने गप्प राहून प्रकल्प अडवू शकतो, तेव्हा त्याला बाहेरून कोणाचा तरी आधार असतोच. नकाशाचा हा भाग बहुतेक जण काढतच नाहीत.

प्रॉडक्शनचे सुपरवायझर मीटिंगमध्ये स्टोअर्सच्या नावाने बोटं मोडतात. पण रात्री दोन वाजता ‘माल द्या, स्लिप सकाळी देतो’ म्हणून उभे राहणारेही तेच. स्कॅनशिवाय माल नाही हा नियम आला की त्यांची ही सवलत जाते. वाया गेलेला मालही मग नोंदवावा लागतो. त्यामुळे स्टोअर्सच्या दिरंगाईवर ते तक्रार करतात, पण ती कधी लेखी करत नाहीत. परचेसलाही ढिलाई सोयीची असते, कारण पुरवठादाराने कमी पाठवलेला माल पुढच्या गाडीत भरून घेता येतो.

प्लांट हेड प्रकल्पाचे प्रायोजक आहेत. पण रोज सकाळी ते पहिला प्रश्न विचारतात तो डिस्पॅचचा. स्टॉक किती अचूक आहे हे ते महिन्यातून एकदा विचारतात, तेही आठवण करून दिल्यावर. खालच्या माणसांना साहेबांचं भाषण ऐकावं लागत नाही, रोजचा प्रश्न ऐकला की पुरतं. मागच्या दहा सकाळच्या मीटिंगांत जीआरएनचा विषय किती वेळा निघाला ते मिनिट्समध्ये मोजा आणि नकाशावर प्रायोजकाच्या नावापुढे तो आकडा लिहा.

प्रकल्पाचा खरा गरजू अकाउंट्स विभागात निघतो. लघुउद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही नियम आला: या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच वजा मिळतो. मुदत मोजली जाते ती साधारणपणे माल पोहोचल्यापासून, जीआरएन झाल्यापासून नाही. स्टोअर्सने पाच दिवस लावले तर अकाउंट्सच्या हातातले पाच दिवस गेले. नेहमीच्या तक्त्यात अकाउंट्स ‘ताकद जास्त, रस कमी’ असं पडलं असतं. मालाच्या वाटेवरून गेलं तर कळतं की याच जीआरएनची सगळ्यात जास्त निकड त्यांना आहे. फक्त अजून कोणी त्यांना हा दुवा दाखवलेला नाही.

कागदावर काय लिहायचं

नकाशा म्हणजे शेवटी एक साधं एक्सेल पुरतं. प्रत्येक माणसापुढे एवढंच: वाटेवरचा कोणता टप्पा हातात आहे, काय जाणार, काय मिळणार, तारखेसह दिसलेलं वागणं, तो कोणाचं ऐकतो, आणि आपल्याला त्याच्याकडून नेमकं काय हवं. शेवटचा रकाना काटकसरीने भरावा. सगळ्यांनी प्रकल्पाच्या प्रेमात पडायची गरज नसते. काकांची ओळ, उदाहरणार्थ, अशी होईल: टप्पा, बिनमध्ये माल लावणं आणि देणं. जाणार, ‘माल फक्त यांनाच सापडतो’ ही पत आणि राखीव साठा. मिळणार, सध्या काहीच नाही. दिसलेलं, लेबलिंग पहिल्या दोन रॅकनंतर थांबलं, तेव्हापासून एकही नवं लेबल नाही. ऐकतात, निवृत्त झालेल्या जुन्या मॅनेजरांचं आणि युनियनच्या प्रतिनिधीचं. हवं काय, उरलेल्या रॅकांचे लोकेशन क्रमांक त्यांनी ठरवून द्यावेत.

‘मिळणार: काहीच नाही’ हा रकाना रिकामा राहिला की तिथेच काम आहे हे कळतं.

आणखी एक पथ्य. या फाइलमध्ये ‘विरोधक’, ‘नकारात्मक’, ‘अडथळा’ असे शब्द टाकू नका. फाइल आज ना उद्या फॉरवर्ड होते, आणि ज्याच्या नावापुढे ‘विरोधक’ लिहिलंय त्याने ते वाचलं की तो कायमचा विरोधक होतो. दिसलेलं वागणं लिहा, तेही समोरच्याला दाखवता येईल अशा भाषेत. अंदाज लिहू नयेत. ते दोघा-तिघांत तोंडी बोलावेत आणि प्रत्येक अंदाज दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा.

नकाशा हातात आल्यावर

पहिली प्रतिक्रिया असते वर तक्रार करायची. ती आत्ता केली तर प्लांट हेड फर्मान काढतील आणि दुसऱ्या दिवसापासून जीआरएन वेळेवर होईल, पण न मोजता, चलनावरचा आकडा तसाच टाकून. अहवाल हिरवा होतो आणि स्टॉक आधीपेक्षा बिघडतो. हे ओळखायचं असेल तर रोज 20 वस्तू उचलून प्रत्यक्ष मोजाव्यात. जीआरएन वेळेवर आणि मोजणी चुकीची असं दिसलं की समजावं.

त्याऐवजी नकाशात जे ‘जातंय’ ते एकेक करून हाताळायचं. राखीव साठा लपवावा लागू नये म्हणून तो सिस्टीममध्येच सेफ्टी स्टॉक म्हणून मंजूर करून घ्यायचा, वस्तू आणि नग ठरवून, परचेसच्या सहीने. कोणत्या वस्तूंचा किती, हे काकांशिवाय कोणाला सांगता येणार नाही. त्यामुळे त्यांची पत जायच्या ऐवजी कागदावर येते. तुटीसाठी सुरुवातीला एक पूर्ण मोजणी करून जो फरक निघेल तो कोणाच्याही नावावर न टाकता एकदाच खर्ची घालायचा. हे प्लांट हेड आणि फायनान्स यांच्या सहीनिशी लेखी हवं, तोंडी आश्वासनावर स्टोअर्समधलं कोणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये. वजनावर येणाऱ्या वस्तूंचे आयटम मास्टर पुन्हा वजन करून दुरुस्त करायचे आणि त्यांच्या मोजणीत थोड्या फरकाची सूट ठरवायची. डेटा एन्ट्रीवाल्या दोघांना पुढे काय, हे कंत्राटदारासमोर स्पष्ट सांगायचं. उत्तर वाईट असलं तरी सांगायचं, कारण न सांगितल्याने रजिस्टर लांबतं.

यातली निम्मी कामं स्टोअर्सच्या बाहेरची आहेत. रात्रीच्या स्लिपचा नियम आधी प्रॉडक्शनला मान्य करावा लागतो. प्लांट हेडना फक्त एवढं मागायचं की सकाळच्या मीटिंगमध्ये डिस्पॅचनंतर दुसरा प्रश्न ‘कालच्या किती गाड्यांचं जीआरएन चार तासांत झालं?’ हा असावा. अकाउंट्सने मुदत जवळ आलेल्या बिलांची यादी दर सोमवारी स्टोअर्सला आणि परचेसला पाठवावी.

रजिस्टर बंद करण्याची तारीख एकतर्फी जाहीर करू नये. अट ठरवावी: सलग दोन आठवडे रोजच्या 20 वस्तूंच्या मोजणीत किमान 19 जुळल्या, की त्या रॅकचं रजिस्टर बंद. मोजणी स्टोअर्स आणि अकाउंट्सचा एकेक माणूस मिळून करेल. रॅकागणिक बंद होत गेलं की सगळ्यात अवघड रॅक, म्हणजे वजनावरच्या मालाचा, शेवटी येतो आणि तोवर आयटम मास्टर सुधारलेले असतात.

दर दोन आठवड्यांनी नकाशा पुन्हा उघडायचा आणि फक्त ‘दिसलेलं वागणं’ हा रकाना नव्याने भरायचा. वागणं बोलण्याच्या आधी बदलतं. काका मीटिंगमध्ये अजूनही ‘बघू’च म्हणत असतील, पण जीआरएन सकाळी 11 ते दुपारी 4 मध्ये पडू लागले आणि रात्रपाळीत दुसरा आयडी दिसू लागला तर काम पुढे सरकतंय. एखादी ओळ तीनदा जशीच्या तशी राहिली, तर ‘काय जातंय’ हा आपला अंदाज चुकला असण्याची शक्यता आधी तपासावी आणि त्या माणसाशी पुन्हा बसावं. त्यानंतरही हललं नाही तर मात्र वर जावं. जाताना माणसांची नावं नेऊ नयेत. गेट एंट्री आणि जीआरएनच्या वेळांचा तक्ता न्यावा आणि एकच निर्णय मागावा: गेट एंट्रीपासून चार तासांत जीआरएन नसेल तर त्या मालाची इश्यू स्लिप सिस्टीम काढू देणार नाही. हा लॉक ईआरपीमध्ये बसवता येतो, पण वरची सगळी कामं झाल्याशिवाय बसवला तर पहिल्याच रात्री लाइन थांबेल आणि सकाळपर्यंत तो काढून टाकलेला असेल.